‘ऐवजी’ या एका शब्दावर उभं राहा: परीक्षांच्या बाजूचं वादविवादाचं भाषण कसं बांधायचं

महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांमध्ये ‘परीक्षांऐवजी प्रकल्प हवेत’ हा ठराव दर दोन-तीन वर्षांनी फिरून येतो. विरोधात बोलायचं ठरलं की मुलांचा चेहरा पडतो. सभागृहात बसलेला प्रत्येकजण परीक्षेला कंटाळलेला, आणि आपण उभं राहून तिचीच बाजू घ्यायची! मी बरीच वर्षं संघांची तयारी करून घेतो, परीक्षक म्हणूनही बसतो. माझं मत स्पष्ट आहे: या ठरावात विरोधाची बाजू अधिक भक्कम आहे. मुलं ती चुकीच्या जागी उभी करतात, म्हणून ती पडते.

इथे मी पाच मिनिटांचं भाषण धरून चाललो आहे. चौथ्या मिनिटाला पहिली घंटा, पाचव्याला दुसरी, आणि नंतर दोन मिनिटांची खंडन फेरी. तुमच्या स्पर्धेचे नियम थोडे वेगळे असतील तर वेळेचं गणित तेवढं बदलून घ्या.

पहिली पायरी: ठरावातला ओझं उचलणारा शब्द शोधा

ठराव वहीत मोठ्या अक्षरात लिहा आणि एकेक शब्द झाकून पाहा. ‘ऐवजी’ झाकला की ठरावच उरत नाही. बाजूने बोलणाऱ्याला प्रकल्प चांगले असतात एवढं सिद्ध करून भागत नाही; परीक्षा काढून टाकल्यावर तिचं काम प्रकल्प करतील, हे त्याला दाखवावं लागतं. म्हणजे तुमच्यावरचं ओझं मुलांना वाटतं त्यापेक्षा बरंच कमी आहे. परीक्षा निर्दोष आहे असं म्हणायची तुम्हाला गरजच नाही. परीक्षेचं एक तरी काम असं आहे जे प्रकल्पाने होत नाही, एवढं पटवून दिलं की ठराव पडला.

इथेच सर्वांत जास्त गफलत होते. मुलं शेवटी ‘म्हणून परीक्षा आणि प्रकल्प दोन्ही हवेत’ असं म्हणून बसतात आणि परीक्षक कागदावर लिहितो: भूमिका अस्पष्ट. खरं तर ‘दोन्ही हवेत’ हा ठरावाला स्पष्ट विरोध आहे, कारण ठराव एक काढून दुसरं आणायला सांगतो. पण हे सुरुवातीलाच आणि ठणकावून सांगितलं पाहिजे. शेवटी हळूच सांगितलं की ती माघार वाटते. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यातच म्हणा: ‘प्रकल्प वर्गात जरूर आणा, माझा विरोध परीक्षा हटवायला आहे.’

त्यालाच जोडून दोन व्याख्या तयार ठेवा आणि त्या साध्या ठेवा. परीक्षा म्हणजे ठराविक वेळेत, देखरेखीखाली, एकट्याने केलेलं आणि आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाने तपासलेलं काम. प्रकल्प म्हणजे अनेक दिवसांत, बहुतांशी नजरेआड, इतरांच्या मदतीने केलेलं आणि बहुधा आपल्याच शिक्षकांनी तपासलेलं काम. यात प्रकल्पाची निंदा नाही, म्हणून समोरचा संघ या व्याख्येला सहसा हरकत घेत नाही. आणि एकदा ती मान्य झाली की तुमचा अर्धा युक्तिवाद त्यातच येऊन गेलेला असतो.

दुसरी पायरी: मुद्दे लिहा आणि बहुतेक खोडा

मागच्या हंगामात माझ्याकडे आलेल्या एका मुलीने अकरा मुद्दे लिहून आणले होते. शिस्त, वेळेचं नियोजन, स्मरणशक्ती, स्पर्धेची सवय, प्रकल्पांचा खर्च, शिक्षकांवरचा भार, पालकांची लुडबूड, गुणांची खिरापत, असं बरंच काही. पाच मिनिटांत अकरा मुद्दे म्हणजे प्रत्येकाला अर्धं मिनिटही येत नाही. एकही मुद्दा ऐकणाऱ्याच्या मनात रुजत नाही.

आम्ही प्रत्येक मुद्द्याला एकच प्रश्न विचारला: परीक्षा काढून टाकली तर याचं उत्तर प्रकल्पाने मिळेल का? शिस्त प्रकल्पातूनही लागते, खोडलं. वेळेचं नियोजन तर प्रकल्पात जास्तच लागतं, खोडलं. तो मुद्दा घेतला असता तर समोरच्या संघाला आयतं कोलीत मिळालं असतं. शिक्षकांवरचा भार खरा आहे, पण तो शिक्षक वाढवून सुटतो, म्हणून तोही खोडला. शेवटी दोनच उरले. एक, हे काम नेमकं कोणाचं आहे? दोन, ते तपासणारा कोण आहे? हे दोन्ही प्रश्न प्रकल्पाला आतूनच चिकटलेले आहेत, बाहेरच्या दुरुस्तीने ते सुटत नाहीत. तुमच्याही यादीचं शेवटी असंच होईल असं मला वाटतं.

तिसरी पायरी: प्रत्येक मुद्द्याला एक डोळ्यांनी दिसणारी गोष्ट

ती मुलगी बोलता बोलता म्हणाली, ‘सर, माझी बारावीची ईव्हीएसची फाइल दादाचीच होती.’ मी म्हटलं, फाइल घेऊन ये. दुसऱ्या दिवशी ती घेऊन आली. विषय होता गावातल्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी. मुखपृष्ठ नवीन, प्रमाणपत्राच्या पानावर तिचं नाव, आत भावाचंच अक्षर. सातव्या पानावर विहिरीचा फोटो चिकटवलेला आणि फोटोच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याने छापलेली नारिंगी तारीख, तिने बारावीला प्रवेश घेतला त्याच्या तीन वर्षं आधीची. त्याच पानाखाली लाल पेनने ‘छान’ असा शेरा आणि सही.

भाषणाची सुरुवात तिथेच सापडली. पर्यावरणाचा प्रकल्प सभागृहातल्या जवळजवळ प्रत्येकाने केलेला असतो. त्यासाठी पुरावा शोधावा लागत नाही, तो समोर बसलेला असतो. फक्त ‘हात वर करा’ असं म्हणू नका. कोणी हात वर करत नाही आणि वक्ता उघडा पडतो. स्वतःची गोष्ट सांगा, बाकीचे मनातल्या मनात आपापली फाइल आठवतात.

दुसऱ्या मुद्द्यासाठी, म्हणजे तपासणारा कोण यासाठी, बोर्डाची उत्तरपत्रिका डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर नाव नसतं. बारकोड असतो, बैठक क्रमांक स्टिकरखाली झाकला जातो. तपासणाऱ्याला हा पेपर सरपंचाच्या मुलाचा की सालगड्याच्या मुलीचा, हे कळायला मार्ग नसतो. प्रकल्पावर मात्र पहिल्याच पानावर नाव असतं आणि तपासणारे शिक्षक त्या नावाला वर्षभर ओळखत असतात. चांगल्या शिक्षकांच्याही मनात त्या ओळखीचा काही ना काही ठसा असतोच. हा मुद्दा मांडताना शिक्षकांवर आरोप करू नका. परीक्षक बहुधा शिक्षकच असतात, आणि मुद्दा त्यांच्या प्रामाणिकपणाचा नाहीच, नाव झाकलेलं आहे की नाही एवढाच आहे.

चौथी पायरी: आकडा एकच, पण त्याची दुसरी बाजूही माहीत हवी

या ठरावासाठी महाराष्ट्राच्या दहावीच्या निकालाइतका जवळचा पुरावा दुसरा नाही. २०१८ मध्ये निकाल ८९.४१ टक्के लागला. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांमधले शाळेकडून मिळणारे २० गुण बंद झाले, आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत सुरू झाले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला.

हे आकडे ऐकले की मुलांना वाटतं, सामना जिंकला. थांबा. जाणकार प्रतिस्पर्धी तीन गोष्टी काढेल. पहिली, २०१९ मध्ये दहावीचा अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकेचं स्वरूपही नवीन होतं. दुसरी, २०२० मध्ये टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि त्याचे गुण सरासरीने दिले गेले. तिसरी, ते २० गुण तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापनाचे होते, निव्वळ प्रकल्पांचे नव्हते. तिन्ही हरकती खऱ्या आहेत. म्हणून ‘प्रकल्पांमुळे निकाल फुगला’ असं कधीही म्हणू नका. असं म्हणा: ‘त्या वर्षी अभ्यासक्रमही बदलला होता, हे मला मान्य आहे. पण शंभरातले फक्त वीस गुण शाळेच्या हातात असताना आणि नसताना एवढा फरक दिसतो. ठराव तर शंभरच्या शंभर त्या हातात द्यायला सांगतो.’ हरकत आपणच आधी मांडली की समोरच्याच्या खंडनातला एक बाण कमी होतो, आणि परीक्षकाचा तुमच्यावरचा विश्वास वाढतो.

दुसरा एक प्रसंग खंडनासाठी राखून ठेवा. २०२१ मध्ये साथीमुळे दहावीची परीक्षा झालीच नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल ९९.९५ टक्के लागला. मग अकरावीच्या प्रवेशासाठी शासनाने वेगळी सीईटी जाहीर केली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्या ऑगस्टमध्ये ती रद्द केली. यातून घ्यायचं ते एवढंच: जागा मोजक्या असतात तेव्हा निवड टळत नाही. एक परीक्षा काढली की दुसरी दार ठोठावते, आणि त्या दुसरीसाठी क्लास लावायचे पैसे कोणाकडे असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पाचवी पायरी: भाषण लिहा

व्यासपीठावर मराठी बोलताना मिनिटाला शंभर ते एकशेदहा शब्द नीट ऐकू जातात, असा माझा अनुभव आहे. म्हणजे पाच मिनिटांना पाचशे शब्द, त्याहून जास्त नाही. त्या मुलीचा पहिला मसुदा ‘सन्माननीय व्यासपीठ, आदरणीय प्राचार्य…’ पासून सुरू होऊन एका सुभाषितावर यायचा आणि ठराव उच्चारेपर्यंत पन्नास सेकंद जायचे. मी मोबाइलवर वेळ लावून तिला ते दाखवलं. अभिवादन एका वाक्यात उरकलं, सुभाषित काढून टाकलं. बदललेलं भाषण साधारण असं झालं, जोडवाक्यं गाळून मुख्य भाग देतो:

‘नमस्कार. माझ्याकडे एक फाइल आहे. बारावीला मी पर्यावरणाचा प्रकल्प म्हणून ती दिली. आत गावातल्या विहिरीचा फोटो आहे. फोटोवर तारीख आहे. त्या तारखेला मी नववीत होते. फाइल माझ्या दादाची. त्याने ती मेहनतीने केली होती, मी मुखपृष्ठ बदललं. शेरा मला मिळाला: छान.

मी हे अभिमानाने सांगत नाही. माझा त्या प्रकल्पांना विरोधही नाही. दादा ती विहीर मोजायला उतरला, पाण्याबद्दल जे शिकला ते पुस्तकात नव्हतं. प्रकल्प वर्गात जरूर हवेत. पण आजचा ठराव म्हणतो, परीक्षांऐवजी. परीक्षा काढा आणि तिच्या जागी ही फाइल ठेवा. त्याला माझा विरोध आहे, आणि त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं, परीक्षेच्या खोलीत तीन तास माझ्या शेजारी दादा नसतो. वडिलांची ओळख नसते, शेजारच्या काकांचा प्रिंटर नसतो. असतं ते माझं डोकं आणि एक पेन. प्रकल्प घरी जातो, आणि घरं सारखी नसतात. ज्या घरात शिकलेले आईवडील आहेत तिथे प्रकल्पाला चार हात लागतात. ज्या घरात आई पहाटे कांदा काढायला जाते, तिथे दोनच. गुणपत्रिकेवर मात्र हातांची संख्या लिहिलेली नसते.

दुसरं, माझ्या बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर माझं नाव नव्हतं. मी कोणाची कोण, हे तपासणाऱ्याला माहीत नव्हतं. ज्यांच्या आडनावाला, गावाला, बोलीला आजवर वजन नव्हतं, त्यांच्यासाठी तो झाकलेला क्रमांक ही फार मोठी गोष्ट आहे. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर नाव असतं. ते झाकायची सोय या ठरावात नाही.

माझे मित्र म्हणतील, परीक्षेत पाठांतर चालतं. बरोबर आहे, वाईट प्रश्नपत्रिकेत चालतं. मग प्रश्न बदला. विचार करायला लावणारे प्रश्न द्या, पुस्तक उघडून लिहायची परीक्षा घ्या. पण खोली तीच ठेवा, जिथे प्रत्येकजण एकटा बसतो आणि कोणालाच नाव नसतं.

ती फाइल मी दादाला परत देणार आहे. त्यावरचा शेराही त्याचाच होता.’

निकालाचे आकडे दुसऱ्या कारणाच्या शेवटी, साताठ वाक्यांत, आणि हरकतीसकट. समारोपात नवा मुद्दा नाही, फक्त सुरुवातीची फाइल परत येते. ‘आई पहाटे कांदा काढायला जाते’ हे वाक्य तिचं स्वतःचं आहे. तुमच्या भाषणात तुमच्या घराच्या आसपासचं काही येऊ द्या, तिचं वाक्य उचलू नका. उसनं वाक्य आवाजात लगेच कळतं.

सहावी पायरी: खंडनाची तयारी

तीन हल्ले हमखास होतात. प्रत्येकासाठी एका कार्डावर दोनच ओळी लिहा.

‘परीक्षेनंतर मुलं सगळं विसरतात.’ इथे एक प्रयोग कामाला येतो. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी एकदा वाचून स्वतःची वारंवार चाचणी घेतली. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने उलटं झालं: चाचणी देणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के आठवलं, नुसतं वाचणाऱ्यांना ४० टक्के. पण हा प्रयोग छोट्या, बिनधोक चाचण्यांचा आहे, वार्षिक परीक्षेचा नाही. त्यातून ‘चाचणीने शिकणं टिकतं’ एवढंच काढा. त्यापुढे गेलात तर वाचलेला प्रतिस्पर्धी तुम्हाला पकडेल.

‘प्रगत देशांत प्रकल्पच असतात.’ इंग्लंडचं उदाहरण सांगा. तिथे आपल्या दहावीसारख्या जीसीएसईची पहिली परीक्षा १९८८ मध्ये झाली, आणि इंग्रजीसारख्या विषयात सुरुवातीला पूर्ण शंभर टक्के मूल्यमापन वर्षभराच्या कामावर होऊ शकत होतं. घरची मदत आणि इंटरनेटवरून उचललेला मजकूर यांची काळजी वाढत गेली. २००९ पासून ते काम वर्गात देखरेखीखाली करून घेणं सुरू झालं, आणि २०१५ पासून आलेल्या नव्या अभ्यासक्रमांत बहुतेक विषयांतून तेही कमी होऊन परीक्षा परत आली. चित्रकलेसारख्या विषयांत प्रकल्प टिकले, हेही सांगा, कारण ते खरं आहे आणि तुमच्या बाजूला त्याने धक्का लागत नाही.

तिसरा हल्ला ताणाचा, आणि कधीकधी आत्महत्यांचा. इथे टाळी मिळवणारं उत्तर देऊ नका. ‘मग काय मुलांना कष्ट नकोत?’ असं बोललेला एक मुलगा मी सभागृह हरताना पाहिला आहे. त्याचं बाकी भाषण उत्तम होतं. सरळ मान्य करा की एका दिवसाच्या तीन तासांवर वर्ष टांगणं क्रूर आहे. मग म्हणा की त्याचा उपाय वर्षातून दोन-तीन संधी आणि नापासाला लगेच फेरपरीक्षा हा आहे. दहावी-बारावीची पुरवणी परीक्षा आता निकालानंतर काही आठवड्यांत होते, हे उदाहरण द्या. एवढं बोलून पुढच्या मुद्द्याकडे जा.

सातवी पायरी: तालीम

पूर्ण भाषण पाठ करू नका. फाइल, घर, नाव, आकडे, प्रश्नपत्रिका, फाइल परत, असे सहा शब्द एका कार्डावर लिहा आणि त्यावरून बोला. पाठ केलेल्या भाषणात एक वाक्य निसटलं की पुढचं सगळं कोसळतं, आणि नजर छताकडे जाते. परीक्षकाला ते पहिल्या रांगेतून दिसतं.

घंटेची सवय करा. मित्राला स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायला सांगा, चौथ्या मिनिटाला एकदा, पाचव्याला दोनदा. पहिल्या घंटेला तुम्ही ‘पाठांतर’ या परिच्छेदात असायला हवं. त्याआधीच असाल तर सावकाश बोलता येईल. अजून नावाच्या मुद्द्यावरच असाल तर आकड्यांतलं २०२० चं वाक्य गाळा, शेवट गाळू नका. आमच्या तालमीत ती मुलगी चार वेळा शेवटाआधीच घंटेत अडकली. पाचव्या वेळी तिने पहिल्या कारणातलं प्रिंटरचं वाक्य आणि दोन विशेषणं काढली, आणि दुसऱ्या घंटेच्या चार सेकंद आधी फाइल टेबलावर ठेवून ती खाली बसली.